लघुपटात एकच वस्तू पुन्हा पुन्हा आणताना: डुगडुगणारं टेबल आणि पायाखालची घडी

तिरपी_चौकट

मंडळी, १२ मिनिटांच्या लघुपटाची संहिता तिसऱ्या खर्ड्यावर आहे. प्रसंग आठ. घरात वडील आणि मुलगी. मोठा भाऊ परगावी, तो फक्त फोनवर. आईच्या जाण्यानंतर मुलगी ‘काही दिवस’ म्हणून घरी थांबली आणि ते काही दिवस संपतच नाहीत. विषय असा, की तात्पुरती सोय कायमची होते आणि कुणीतरी एक जण त्या सोयीखाली दबलेला राहतो.

यासाठी जेवणाचं टेबल घेतलंय. एक पाय आखूड, म्हणून खाली कागदाची घडी. सध्याच्या खर्ड्यात ती अशी येते:

१. सकाळी टेबल हलतं, पाणी सांडतं, वडील वर्तमानपत्राची घडी घालून पायाखाली सरकवतात.
२. मुलीच्या ऑफिसात तिची खुर्चीही डुगडुगते.
३. भावाचा फोन चालू असताना घडीचा क्लोजअप.
४. रात्री वडिलांच्या गोळ्या लावताना पुन्हा क्लोजअप.
५. दुसऱ्या शहरातल्या नोकरीचं पत्र येतं.
६. वडील तेच पत्र घडी करून पायाखाली घालतात.
७. भांडण. मुलगी म्हणते, “बाबा, अशा घड्या घालून किती दिवस चालवायचं?”
८. मुलगी निघून जाते. रिकाम्या घरात हलणारं टेबल.

वाचणारे म्हणतात, ‘कळलं, पण फारच कळलं.’ टेबल काढायचं नाहीये. कुठे कमी करू आणि प्रसंगागणिक हिशेब कसा ठेवू?

उंबरठा

सरळ नियम आहे, तीनदा दाखवा. पहिल्यांदा ओळख, दुसऱ्यांदा आठवण, तिसऱ्यांदा अर्थ. १, ६ आणि ८ ठेवा, बाकी काढा. १२ मिनिटांत तीनपेक्षा जास्त वेळा एकच वस्तू आली की प्रेक्षक चिडतो.

कात्री

उंबरठा, ओळख-आठवण-अर्थ हा क्रम बरोबर आहे, आकडा मात्र नाही. एखादी वस्तू सात वेळा येऊनही खटकत नाही, कारण दर वेळी तिची अवस्था वेगळी असते. दोनदाच येऊनही ती प्रवचन वाटू शकते, कारण दोन्ही वेळा कॅमेरा तिच्याकडे बोट दाखवतो. मोजायचंच असेल तर ती किती वेळा दिसली ते मोजू नका, किती वेळा बदलली ते मोजा.

तिरपी_चौकट, तुमच्या ३ आणि ४ मध्ये घडीचं काहीच होत नाही. ती १ मध्ये होती तशीच आहे. म्हणजे ते दोन क्लोजअप दिग्दर्शकाचे आहेत, पात्रांचे नाहीत. तिथेच ‘फारच कळलं’ सुरू होतं.

हिशेबासाठी एका कागदावर आडव्या ओळीत प्रसंग लिहा आणि उभे रकाने पाचच ठेवा. वस्तूची अवस्था काय. हात कुणाचा लागला. पाहिलं कुणी. ऐकू काय आलं. आणि या वेळी प्रेक्षकाला माणसाबद्दल नवीन काय कळलं. शेवटच्या रकान्यात ‘टेबलाबद्दल’ लिहायचं नाही, माणसाबद्दलच लिहायचं. तो रकाना रिकामा राहिला तर त्या प्रसंगातून वस्तू काढा, किंवा निदान तिच्यावरचा शॉट काढा. ती मागे फ्रेममध्ये पडून राहिली तरी चालेल, तिथे टेबल असणारच आहे.

तुमचा खर्डा या कागदावर मांडला तर १ भरतो: वडील दुरुस्ती करत नाहीत, निभावून नेतात. ६ भरतो. २, ३, ४ आणि ८ मध्ये शेवटचा रकाना कोराच राहतो.

पांढरा_पडदा

माझ्याकडेही हाच प्रश्न आहे. लघुपटात निळा रंग एकटेपणासाठी वापरलाय. पडदे निळे, सदरा निळा, शेवटी सगळी फ्रेमच ग्रेडिंगमध्ये निळी. पण प्रेक्षकांना ते कळतच नाही. सुरुवातीला एका पाटीवर सांगून टाकावं का? की पोस्टरवर?

कात्री

तुमचा प्रश्न उलट दिशेचा आहे. इथे कळतंय जास्त, तुमच्याकडे कळत नाहीये. तरी कारण एकच. रंगाला कुणी हात लावत नाही. निळा पडदा ओढला, उसवला, धुवून फिका झाला, काढून ठेवला, यातलं काही झालं तर प्रेक्षक त्याचा माग ठेवेल. नुसता रंग वातावरण तयार करतो, तेवढ्यावर तो खूश असेल तर राहू द्या. पाटी नको. पडद्याबरोबर एखादं पात्र काहीतरी करतंय का, एवढं पाहा. जमल्यास वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर बोलू.

रविवारची_ओळ

संवादाबद्दल. सातव्या प्रसंगातलं वाक्य वाईट नाही, चुकीच्या जागी आहे. अर्थ सांगणारं वाक्य शेवटाकडे आलं की ते निकालपत्र होतं. तेच पहिल्या प्रसंगात आणा, जिथे त्याचा अर्थ फक्त टेबलापुरता आहे.

पाणी सांडतं, वडील घडी घालतात, मुलगी फडकं फिरवता फिरवता म्हणते, “किती दिवस चालायचं हे असं?” वडील म्हणतात, “चाललंय की.” पुढचं बोलणं दुसऱ्याच विषयावर. प्रेक्षकाला ते टेबलाबद्दलचं साधं बोलणं वाटतं. सहाव्या प्रसंगात पत्र पायाखाली गेलं की ‘चाललंय की’ त्याचं त्यालाच आठवेल. न आठवलं तरी प्रसंग अडत नाही.

भांडणात मग टेबल, घडी, पाय, आधार हे शब्द एकदाही नकोत. भांडण औषधांच्या वेळा, भावाचा फोन, कपाटाची किल्ली असल्या कशावरूनही होऊ द्या. मी तर ते टेबलाच्या खोलीत न घेता दारात घेईन. सात मध्ये वस्तू अजिबात नसली तर आठ मध्ये तिचं दिसणं ताजं राहतं.

तिरपी_चौकट

वाक्य पहिल्या प्रसंगात नेलं. लगेच फरक जाणवला. ऑफिसची खुर्चीही गेली. पण चौथ्यात काहीतरी हवंय. घडी १ नंतर थेट ६ मध्ये आली तर मधली सात-आठ मिनिटं टेबल विसरलं जाईल, आणि मग पत्र पायाखाली घालणं आकस्मिक वाटेल.

सामानसुमान

चौथ्या प्रसंगाचं उत्तर कागदातच आहे. वर्तमानपत्राचा कागद मऊ असतो. वजनाखाली घडी दबते, फरशी ओली झाली तर आणखी लवकर. म्हणजे चौथ्या प्रसंगापर्यंत टेबल पुन्हा हलायला लागणं अगदी स्वाभाविक आहे. आता मुलगी गोळ्यांच्या डबीत वारांप्रमाणे गोळ्या टाकतेय. टेबल हललं तर कप्प्यातली गोळी उडून शेजारच्या कप्प्यात जाईल. दोन्ही हात गुंतलेले. ती काय करेल? गुडघा वर घेऊन टेबलाला टेकवेल आणि डबी भरून होईपर्यंत तसाच धरून ठेवेल.

घडीची जागा तिच्या शरीराने घेतली, आणि पायाखालच्या कागदाचा शॉटसुद्धा लागला नाही.

कात्री

हाच या लघुपटाचा कणा आहे. कागदावर लिहा: अवस्था, घडी दबलेली. हात, खरं तर गुडघा, मुलीचा. पाहिलं कुणी? कुणीच नाही. वडील पलीकडे बसून बोलताहेत, त्यांच्या दृष्टीने टेबल स्थिर आहे. नवीन काय कळलं? तिचं सावरणं घरात कुणाला दिसत नाही.

शॉट कसा घ्यायचा ते नीट ठरवा. टेबलाच्या उंचीवरून दोघांचा मिडशॉट, गुडघा फ्रेमच्या खालच्या कडेला जेमतेम. टेबलाखाली कॅमेरा नेऊन गुडघ्याचा इन्सर्ट घेतलात तर पुन्हा तेच बोट दाखवणं. सुरुवातीला टेबल हलतं, ती मांडी सरकवते, हलणं थांबतं, ती मोजत राहते. शॉट तोडू नका, २० सेकंद चालला तरी चालेल. मध्ये कट आला की प्रेक्षकाला वाटतं, यात काहीतरी महत्त्वाचं आहे. न तुटलेल्या शॉटमध्ये तो स्वतः शोधतो.

कानोसा

आवाजाचा रकाना कुणी भरला नाही म्हणून लिहितो. टेबल डोळ्यांपेक्षा कानाला जास्त कळतं. चार पायांपैकी एक आखूड असेल तर टेबल तिरप्या रेषेत समोरासमोर असलेल्या दोन पायांवर तोलतं आणि उरलेले दोन आळीपाळीने टेकतात. हे हलणं काही मिलिमीटरचं, वाइड शॉटमध्ये दिसतच नाही. पण पाय टेकल्याचा आवाज स्वच्छ येतो.

तीन आवाज वेगळे रेकॉर्ड करा. घडी नसताना लाकूड फरशीवर आपटतं, तो कोरडा ‘खट’. ताजी घडी असताना जवळजवळ काहीच नाही. दबलेली घडी असताना मऊ ‘धप’, थोडा उशिरा. रात्री, पंखा आणि फ्रिज बंद करून, मायक्रोफोन पायापासून वीतभर अंतरावर ठेवून, प्रत्येकाचे दहा-बारा ठोके घ्या, हलके आणि जोरात दोन्ही. सेटवर संवादाच्या मायक्रोफोनमध्ये आलेला ठोका शब्दांवर बसतो, तो नंतर हलवता येत नाही. म्हणून संवादाच्या टेकला चारही पायांखाली फेल्टचे तुकडे लावा आणि ठोका एडिटमध्ये हवा तिथे टाका.

तिसऱ्या प्रसंगात, भावाच्या फोनच्या वेळी, क्लोजअपऐवजी शांतता ठेवा. मुलगी कोपर टेकते आणि आवाज येत नाही. पहिल्या प्रसंगात ‘खट’ चार-पाचदा ऐकलेला कान ही शांतता नोंदवतो. घडी काम करतेय, भाऊ फोनवर म्हणतोय सगळं ठीक दिसतंय. याहून जास्त काही करायला नको.

एक धोका. ठोका संवादाच्या नेमका शेवटी टाकायचा मोह होईल. वाक्य संपलं आणि ‘खट’, असं झालं की आवाजच भाषण देतो. वाक्याच्या मध्ये, कुणाच्या तरी हालचालीवर टाका.

उंबरठा

गुडघा आवडला. तीनचा नियम मागे घेत नाही, पण ‘तीन बदल’ असा दुरुस्त करतो. ताजी घडी, दबलेली घडी, पत्र. बरोबर?

आणि सहाव्या प्रसंगात वडिलांना माहीत असतं का की ते पत्र आहे? माझ्या मते माहीत असायलाच हवं, नाहीतर सगळा योगायोग होतो.

कात्री

तीन बदल चालतील, आठवा प्रसंग धरला तर चार.

वडिलांना माहीत आहे की नाही हे शॉटच्या क्रमावर ठरतं, संहितेत लिहून ठरत नाही. सोव्हिएत दिग्दर्शक कुलेशोव्हच्या प्रयोगांनी १०० वर्षांपूर्वीच दाखवलं, की त्याच चेहऱ्याला शेजारचा शॉट अर्थ देतो. आधी पत्राचा मजकूर दिसेल असा शॉट, मग वडिलांचा चेहरा, मग घडी घालणारे हात, असं लावलं तर त्यांना माहीत आहे आणि ते खलनायक आहेत. आधी हात रद्दीच्या गठ्ठ्यावर, वरचा कागद उचलला, घडी घातली, आणि शेवटच्या घडीच्या वेळी चेहरा, तर शंका राहते. चेहरा घेतलाच नाही तर ती निव्वळ चूक ठरते.

मी मधला क्रम लावेन. पाचव्यात मुलीनेच पत्र वाचून वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात सरकवलेलं हवं, म्हणजे लपवण्यात तिचाही हात आहे. मग सगळा दोष वडिलांवर येत नाही आणि विषय एकतर्फी होत नाही.

रविवारची_ओळ

इथे मी सहमत नाही. मुलीने पत्र लपवलं तर ती स्वतःच निर्णय टाळतेय. मग दबलेली कोण? पत्र टेबलावर उघडं पडलेलं असावं, वडिलांनी चष्मा न लावता उचलावं. शंका तशीही राहते आणि मुलीची बाजूही स्वच्छ राहते.

कात्री

स्वच्छ बाजूचीच मला भीती वाटते. पण चष्म्याचं सुचवणं चांगलं आहे. दोन्ही लिहून, कलाकारांकडून वाचून घ्या.

सामानसुमान

पत्र पायाखाली जाणार असेल तर मापं जुळवा. साध्या ए४ कागदाची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर. पाचदा अर्ध्यात दुमडला की ३२ थर, दाबून ३ मिलिमीटरच्या थोडं वर. हाताने दुमडलेली घडी फुगीर राहते, म्हणून ताजी असताना ४ च्या आसपास भरते. तेव्हा पाय ४ मिलिमीटरने कापा. जास्त कापलात तर एका पत्राने काम भागणार नाही आणि अभिनेत्याला दोन कागद घालावे लागतील. सहावी घडी जाड होते, वयस्कर अभिनेत्याच्या हातून कॅमेऱ्यासमोर नीट बसत नाही.

पाय कापायच्या आधी टेबल प्रत्यक्ष चित्रीकरणाच्या खोलीत ठेवून पाहा. फरशी सपाट नसेल तर एका जागी हलणारं टेबल हातभर सरकवलं की स्थिर होतं, किंवा भलताच पाय वर येतो. जागा ठरली की चारही पायांभोवती फरशीवर चिकटपट्टीच्या खुणा करा. दिवे लावताना टेबल हलवलं जाणारच, ते पुन्हा त्याच खुणांवर आलं पाहिजे. आखूड पाय कॅमेऱ्याच्या बाजूचा असावा, म्हणजे वडील वाकले की हात दिसतात आणि टेबलाखाली कॅमेरा न्यावा लागत नाही.

पहिल्या प्रसंगात पाणी खरंच सांडायला हवं असेल तर पेला काठापासून २-३ मिलिमीटरपर्यंत भरा. अर्धा पेला एवढ्या हेलकाव्याने सांडत नाही, मग अभिनेता मुद्दाम टेबल ढकलतो आणि ते लगेच दिसतं.

पत्राच्या प्रती किमान १२. सहाव्यात प्रत्येक टेकला कोरी प्रत लागते. आठव्यात ते उघडायचं असेल तर सहाव्याच्या ओके टेकमधलीच घडी राखून ठेवा. आठवा प्रसंग आधी शूट होणार असेल, तर घड्यांचा क्रम ठरवून टाका: आधी आडवी, मग उभी, आलटून पालटून. त्यामुळे चुण्यांची जाळी सारखी येते. फोटो काढून प्रसंगाच्या क्रमांकाने ठेवा.

तिरपी_चौकट

आठव्यात पत्र उघडायचं हे माझ्या डोक्यातच नव्हतं. ती घडी काढते, टेबल पुन्हा हलतं, पत्र उलगडून ती बॅगेत ठेवते. ३२ चौकोन पडलेलं पत्र. मग रिकाम्या घरातला टेबलाचा शेवटचा शॉट लागेल का?

कात्री

नाही. पत्रावरच्या चुण्या म्हणजे तीच वस्तू, फक्त जागा बदललेली. घरातली गोष्ट आता तिच्याबरोबर चाललीय. टेबल वेगळं दाखवलंत तर एकच बाब दोनदा सांगाल. ‘खट’ एकदा, ती घडी उपसते तेव्हा, आणि वडिलांचा हात पेल्यावर जातो. बास. चुण्यांवर थांबू नका. पत्र बॅगेत जाताना २ सेकंद, म्हणजे २४ फ्रेमच्या हिशेबाने ४८ फ्रेम. रफ कटमध्ये ते ४ सेकंद असेल आणि तुम्हाला सुंदर वाटेल. अर्धं करा.

उंबरठा

वेगळा शेवट सुचवतो. वडील टेबल धरून थोडं फिरवतात आणि ते हलायचं थांबतं. म्हणजे घडीची कधी गरजच नव्हती! चारही पाय सारखे असलेलं चौरस टेबल खाचखळग्यांच्या जमिनीवर पाव फेरा फिरवताना कुठेतरी स्थिर होतंच, हे गणितात सिद्ध झालेलं आहे.

सामानसुमान

ते उंचसखल पण सलग जमिनीसाठी आहे, आणि पाय सारखे असतील तरच. इथे पाय आखूड आहे, सपाट फरशीवर कितीही फिरवा, हलणारच. फरशांच्या जोडावर पायरी असेल तिथेही खात्री नाही. तुमचा शेवट हवा असेल तर पाय कापायचा नाही, खोलीच्या फरशीतच उंचसखलपणा शोधायचा, आणि पहिल्या प्रसंगापासून कुणीही ‘पाय आखूड’ म्हणायचं नाही.

रविवारची_ओळ

कल्पना मोहक आहे, पण त्याने विषय बदलतो. ‘दोष पायात नव्हता, जागेत होता’ ही दुसरीच गोष्ट झाली. आणि इतकी चपखल युक्ती शेवटी आली की प्रेक्षक युक्तीचं कौतुक करतो, मुलगी मागे पडते.

उंबरठा

मला तरी वडिलांनी शेवटी काहीतरी करणं आवश्यक वाटतं. नुसता पेला धरणं पुन्हा निभावून नेणंच झालं.

तिरपी_चौकट

तेच तर हवंय बहुतेक. यावर अजून विचार करते.

रफ कट झाल्यावर जास्त झालंय की कमी, हे ओळखायचं कसं? आम्हाला सगळ्यांना संहिता पाठ आहे.

कात्री

संहिता न वाचलेले पाच जण, एकेकटे बसवून. नंतर टेबलाचं नाव न घेता विचारा: गोष्ट काय होती ती सांगा, घरातल्या कोणत्या वस्तू आठवतात, आणि कुठे कंटाळा आला.

कुणी म्हणालं, ‘टेबल म्हणजे त्यांचं कुटुंब,’ तर आवाज मोठा झालाय, एखादा शॉट काढा, बहुधा तो सहाव्यातला घडीचा इन्सर्ट असेल. टेबल कुणालाच आठवलं नाही तर पहिला प्रसंग घाईत गेलाय, तिथला ‘खट’ आणि पाणी दोन्ही तपासा. कुणी गोष्ट सांगताना आपणहून म्हणालं, ‘ती गुडघ्याने टेबल धरून बसते ना, तेव्हा…’, तर हात लावू नका.

पाचांपैकी दोघांनी गुडघा पाहिलाच नाही असंही होईल. त्यासाठी क्लोजअप घालू नका. आधी टेबल हलण्याचा वेळ वाढवून पाहा, गोळी शेजारच्या कप्प्यात पडलेली दिसू द्या.

कानोसा

एकदा आवाज पूर्ण बंद करून, आणि एकदा पडद्याकडे पाठ करून ऐकत, असं दोनदा चालवा. दोन्ही वेळा टेबलाचा सगळा माग लागत असेल तर कुठेतरी तेच दोनदा सांगितलं जातंय. चौथ्यात डोळ्यांना ठेवा, तिसऱ्यात कानाला.

तिरपी_चौकट

नवा कागद असा झालाय. १: ताजी घडी, वडील, ‘किती दिवस’ आणि ‘चाललंय की’. २: काही नाही. ३: फक्त शांतता. ४: दबलेली घडी, गुडघा, धप. ५: पत्र, टेबलावर की गठ्ठ्यात ते ठरायचंय. ६: पत्राची घडी, चेहरा शेवटी. ७: काही नाही, दारात. ८: घडी उपसली, एक ‘खट’, चुणलेलं पत्र.

एक अडचण राहिली. चौथा प्रसंग सहाव्याच्या आधीच्या दिवशी शूट होतोय आणि वर्तमानपत्राची घडी खरोखर दबायला वेळ मिळणार नाही.

सामानसुमान

आदल्या रात्री घडी ओलसर करून टेबलाच्या पायाखाली ठेवा आणि वर जड पेट्या रचा. सकाळी वाळलेली, दबलेली आणि कडा काळपटलेली मिळेल. अशा तीन करा, एक टेकच्या वेळी फाटतेच.